पांढऱ्याला पांढरा भेटतो तेव्हा

माझी दहा वर्षांची भाची दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली ती हातात रुबिक क्यूब घेऊनच. शाळेतल्या कुणीतरी तिला एक मंत्र शिकवला होता: उजवी वर, वरची डावीकडे, उजवी खाली, वरची उजवीकडे. हे म्हणत ती भराभर क्यूब फिरवायची. कधी एखादा कोपरा जागेवर बसायचा, कधी होतं ते सगळं विस्कटायचं. मी विचारलं, "हे फिरवल्यावर नेमका कोणता तुकडा कुठे जातो ग?" ती म्हणाली, "मावशी, ते नाही माहीत. फक्त चार वेळा करायचं किंवा सहा वेळा."

मग आम्ही ठरवलं, मंत्र बाजूला ठेवायचा. फक्त पहिला थर सोडवायचा, तोही डोळ्यांनी बघत. प्रत्येक वेळी तुकडा का हलतो आहे हे सांगता आलं तरच फिरवायचं. दोन दुपारी गेल्या, पण थर झाला आणि नंतर तो तिला परत परत करता आला. त्या दोन दुपारी आम्ही काय पाहिलं, ते इथे लिहिते आहे. जवळ क्यूब असेल तर हातात घेऊनच वाचा.

सुरुवात तुकड्यांपासून करायला हवी, कारण डोळा रंगांच्या चौकोनांकडे धावतो आणि तिथेच फसतो. क्यूबवर 54 रंगीत चौकोन दिसतात, पण बाहेरून दिसणारे तुकडे 26 च. त्यातले 6 मधले. ते आपापल्या बाजूच्या मध्यावर अडकवलेले असतात आणि जागच्या जागी फिरण्यापलीकडे कुठेही जात नाहीत. म्हणून बाजूचा रंग कोणता हे मधला तुकडा ठरवतो; हिरवा मध्य असलेली बाजू हिरवीच, तिच्यावर सध्या बाकी कोणतेही रंग असोत. उरलेले 20 तुकडे हिंडतात. 12 कडेचे, त्यांना दोन रंग. 8 कोपऱ्याचे, त्यांना तीन रंग. कडेचा तुकडा कधी कोपऱ्यात जात नाही आणि कोपऱ्याचा कधी कडेला येत नाही. नेहमीच्या क्यूबवर पांढऱ्याच्या पाठीमागे पिवळा, हिरव्याच्या पाठीमागे निळा आणि तांबड्याच्या पाठीमागे नारिंगी असतो.

पहिला थर म्हणजे नुसती पांढरी बाजू नव्हे. पांढऱ्या मध्याभोवतीचे चार कडेचे आणि चार कोपऱ्याचे असे आठ तुकडे आपापल्या घरी, आणि त्यांचे दुसरे-तिसरे रंगही शेजारच्या मध्यांशी जुळलेले. पांढरी बाजू पूर्ण करून "एक बाजू झाली!" म्हणणारे खूप असतात. पण कडेला पाहिलं की हिरव्याशेजारी तांबडा, त्याच्याशेजारी निळा. म्हणजे तुकडे थरात आले आहेत, पण एकमेकांच्या घरात शिरून बसले आहेत. तिथून पुढे काहीही उभं राहत नाही.

मंत्राशिवाय हा थर का जमतो, याचं कारण साधं आहे. हिंडणाऱ्या 20 तुकड्यांपैकी आपल्याला आठच हवे आहेत. बाकीच्या बारांचं काहीही झालं तरी आपल्याला फरक पडत नाही. मोकळी जागा भरपूर आहे. एखादा तुकडा तात्पुरता कुठेतरी ठेवता येतो, दुसऱ्याला वाट करून देता येते. शेवटच्या थराला अशी मोकळीक उरत नाही, आणि तिथेच लोकांना पाठ केलेल्या क्रमांची गरज लागते.

पांढरी बाजू खाली आणि पिवळी वर धरा. हे थोडं उलटं वाटतं, कारण जे बांधायचं ते खाली, नजरेआड. पण काम वरच्या मोकळ्या थरात चालतं, आणि ते समोर दिसत राहतं. आधी पांढरे कडेचे चार तुकडे खाली न नेता वर, पिवळ्या मध्याभोवती गोळा करायचे, पांढरा रंग आकाशाकडे करून. पिवळा मध्य आणि चार पांढऱ्या पाकळ्या. आमच्याकडे त्याचं नाव डेझीचं फूल पडलं.

पाकळी वर आणताना एक गोष्ट कळली की अर्ध्याहून अधिक क्यूब कळतो. कोणतीही बाजू फिरवली की तिच्यावरचे चौकोन त्याच बाजूवर गोल फिरतात, तिच्यातून बाहेर पडत नाहीत. समजा, मधल्या थरात पुढच्या आणि उजव्या बाजूच्या सीमेवर एक कडेचा तुकडा आहे आणि त्याचा पांढरा चौकोन पुढे, तुमच्याकडे पाहतो आहे. पुढची बाजू कितीही फिरवा, तो पांढरा पुढेच पाहत राहील. त्याला वर पाहायला लावायचं तर शेजारची, म्हणजे उजवी बाजू फिरवायला हवी. उजवी बाजू पाव फेरा वर नेली की तुकडा वरच्या थरात येतो आणि पांढरा आकाशाकडे होतो. पांढरा ज्या बाजूवर आहे ती सोडून दुसरी फिरवायची. भाचीला हे सांगितलं नव्हतं, तिने चार-पाच वेळा पुढची बाजू गरागरा फिरवली आणि स्वतःच म्हणाली, "हा इथून हलतच नाही, शेजारच्याला सांगावं लागेल."

फक्त वर नेण्याआधी पाहायचं, त्या जागी आधीच एखादी पाकळी बसली आहे का. असेल तर वरचा थर फिरवून तिथे पाकळी नसलेली जागा आणायची. तुकडा अगदी खालच्या थरात असेल आणि पांढरा जमिनीकडे पाहत असेल, तर त्याच्या वरची जागा मोकळी करून ती बाजू अर्धा फेरा फिरवली की झालं. आणि तुकडा वर किंवा खाली असून पांढरा बाजूकडे पाहत असेल, तर ती बाजू पाव फेरा फिरवून त्याला मधल्या थरात आणायचं. मग तो आधीच्या प्रसंगासारखाच झाला. इथेही ती बाजू फिरवण्याआधी तिच्या माथ्यावरची पाकळी बाजूला सरकवायची, नाहीतर ती खाली जाईल.

चार पाकळ्या झाल्या की त्यांचे दुसरे रंग पाहायचे. एका पाकळीच्या बाजूचा रंग हिरवा आहे असं धरू. वरचा थर फिरवत तो हिरव्या मध्याच्या बरोबर वर आणा आणि हिरवी बाजू अर्धा फेरा फिरवा. पाकळी खाली जाते, पांढरा पांढऱ्या मध्याला चिकटतो, हिरवा हिरव्याला. असंच चौघांचं. खाली पांढरी फुली तयार होते आणि चारही बाजूंना मध्याखालचा चौकोन मध्याच्याच रंगाचा दिसतो. स्पर्धेत उतरणारे फुलाचा टप्पा घेत नाहीत; फिरवायला सुरुवात करण्याआधी क्यूब पाहायला मिळणाऱ्या 15 सेकंदांत ते सगळी फुली मनात आखतात. कोणत्याही स्थितीतून फुली जास्तीत जास्त 8 फेऱ्यांत होते, हे गणनेने सिद्ध झालेलं आहे. आपल्याला घाई नाही.

आता कोपरे. खरी मजा इथे आहे आणि पहिल्या थराचा खरा विचारही इथेच आहे, म्हणून एकाच कोपऱ्यावर थांबून त्याची गोष्ट पूर्ण सांगते.

भाचीने क्यूब असा धरला होता: पिवळा वर, हिरवा स्वतःकडे. त्यामुळे नारिंगी तिच्या उजव्या हाताला, तांबडा डाव्या हाताला आणि निळा पलीकडे. खाली फुली झालेली. पांढरा, हिरवा आणि नारिंगी असे तीन रंग असलेला कोपरा वरच्या थरात पलीकडे डावीकडे बसला होता. त्याचा पांढरा डाव्या बाजूला, हिरवा पलीकडच्या बाजूला आणि नारिंगी वर होता. त्याचं घर कुठे? हिरवी आणि नारिंगी बाजू जिथे मिळतात तिथे, खालच्या कोपऱ्यात, म्हणजे तिच्या जवळ उजवीकडे. तिने वरचा थर अर्धा फेरा फिरवला. कोपरा आपल्या घराच्या बरोबर माथ्यावर आला. आता पांढरा उजवीकडे पाहत होता, हिरवा तिच्याकडे, नारिंगी वर.

मग तिने जे केलं ते जवळजवळ सगळेच करतात. उजवी बाजू पाव फेरा खाली ओढली. कोपरा घरात गेला खरा, पण पांढरा अजून उजवीकडेच पाहत होता (उजवी बाजू फिरवली तर उजवीकडचा रंग उजवीकडेच राहणार, हे आपण पाहिलंच), आणि फुलीतली पांढरी-नारिंगी कड खालून निघून मागे गेली. तिने परत फिरवून पूर्ववत केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "कोपऱ्याला खाली पाठवू नकोस. खालच्यांना वर बोलाव."

तिने उजवी बाजू पाव फेरा वर ढकलली. काय झालं ते थांबून पाहिलं. फुलीतली पांढरी-नारिंगी कड खालून वर आली आणि हिरव्या मध्याच्या उजवीकडे उभी राहिली. तिचा पांढरा आता पुढे, भाचीकडे पाहत होता आणि नारिंगी उजवीकडे. आणि आपला कोपरा? तोही उजव्या बाजूबरोबर फिरून वरच्या थरात मागे गेला, पांढरा अजून उजवीकडेच. त्याने सोडलेल्या जागी, म्हणजे कडेच्या डोक्यावर, खालच्या घरातला कुणीतरी परका तुकडा येऊन बसला.

आता वरचा थर अशा दिशेने पाव फेरा फिरवला की मागचा कोपरा पुढे येईल. परका तुकडा डावीकडे निघून गेला आणि त्याच्या जागी आपला कोपरा आला. वरचा थर फिरल्यामुळे त्याचा पांढरा उजवीकडून पुढे वळला होता. आणि तिथे, कोपऱ्याच्या खाली, कड उभी होतीच, तिचाही पांढरा पुढे. पांढऱ्याखाली पांढरा. उजवीकडून पाहिलं तर नारिंगीखाली नारिंगी. दोघे अगदी तसेच चिकटून उभे होते, जसे ते शेवटी खाली असायला हवेत. फक्त जोडी आडवी असायची ती उभी होती.

भाचीने न विचारता उजवी बाजू खाली ओढली. जोडी एकत्र खाली गेली, फुली पूर्ण झाली, कोपरा घरात, हिरवा हिरव्याकडे. उजवी वर, वरचा थर पाव फेरा, उजवी खाली. तीन फेरे. तिच्या मंत्रातले पहिले तीन शब्द जवळपास हेच होते, पण कोपरा कडेला भेटायला येतो हे तिने तेव्हा पाहिलंच नव्हतं.

यात घर मोडल्यासारखं वाटतं, पण कायमचं मोडत नाही. उजवी बाजू वर नेली आणि नंतर तेवढीच खाली आणली, त्यामुळे तिच्यावर जे होतं ते सगळं परत जागेवर येतं, अपवाद फक्त मधल्या वेळात वरच्या थराने जे बदललं त्याचा. वरच्या थराने परका तुकडा काढला आणि आपला कोपरा ठेवला. त्याच्याबरोबर मधल्या थरातली एक कडही बदलली, पण तिची आपल्याला अजून गरज नाही. शेजारच्या घरात आधी बसवलेला कोपरा या काळात घराबाहेर जातो आणि परत येतो. पहिल्यांदा तो हलताना पाहून धडकी भरते आणि लोक मध्येच थांबतात. थांबू नका, शेवटचा परतीचा फेरा झाल्याशिवाय हिशेब पाहायचाच नाही.

कोपऱ्याचा पांढरा उजवीकडे न पाहता पुढे पाहत असेल तर सगळं आरशात पाहिल्यासारखं. तेव्हा उजवीऐवजी पुढची बाजू फिरवायची, अशी की तिची खालची कड उजवीकडे वर येईल. वरच्या थराने कोपरा परत आणून तिच्या माथ्यावर ठेवायचा, मग दोघांना खाली न्यायचं. या वेळी हिरवी कड बोलावली जाते आणि पांढऱ्याला पांढरा भेटतो तो उजव्या बाजूवर. कोणती बाजू फिरवायची हे लक्षात ठेवावं लागत नाही. पांढरा ज्या बाजूवर आहे तीच फिरवा; तिच्या खालची कड वर येईल आणि कोपरा थोडा बाजूला होऊन तिला जागा देईल.

पांढरा आकाशाकडे पाहत असेल तेव्हा मात्र अडतं. कोणतीही कड वर बोलावली तरी तिचा पांढरा आणि कोपऱ्याचा पांढरा एका बाजूवर येत नाहीत. म्हणून आधी कोपऱ्याला कुशीवर झोपवायचं. त्याला त्याच्या घराच्या माथ्यावर आणा, हे महत्त्वाचं आहे, कारण खालचं घर रिकामं असलं पाहिजे. भरलेल्या घरावर हे केलं तर तिथला नीट बसलेला कोपरा बाहेर पडेल. आता उजवी बाजू वर ढकला. कोपरा मागे जातो आणि त्याचा पांढरा पलीकडे पाहू लागतो. वरचा थर अर्धा फेरा फिरवा. कोपरा पुढे डावीकडे येतो, उजव्या बाजूपासून दूर. मग उजवी खाली आणा. फुली परत पूर्ण होते आणि कोपरा डावीकडे सुरक्षित राहतो, पांढरा आता पुढे. वरचा थर पाव फेरा फिरवून त्याला घराच्या माथ्यावर आणलं की पांढरा उजवीकडे वळतो आणि मघाची गोष्ट परत सुरू होते.

उरली एक अडचण. वरच्या थरात पांढरा असलेला एकही कोपरा नाही, पण खाली एखादा चुकीच्या घरात बसला आहे किंवा बरोबर घरात वाकडा बसला आहे. त्याला बाहेर काढायचं. कसं? त्याच्या घरात वरून दुसरा कोणताही कोपरा त्याच तीन फेऱ्यांनी घुसवायचा. घरातला बाहेर पडून वर येतो. इथे भाचीने एक बारकावा शोधून काढला. वाकड्या बसलेल्या कोपऱ्याचा पांढरा उजवीकडे असेल तर उजवी बाजू वापरून काढला की तो वर आल्यावर पांढरा बाजूकडेच पाहतो आणि लगेच परत बसवता येतो. पुढची बाजू वापरून काढला तर पांढरा आकाशाकडे होतो आणि काम वाढतं. म्हणजे काढतानाही नियम तोच, पांढरा ज्या बाजूवर आहे ती फिरवायची.

चारही कोपरे बसले की क्यूब गोल फिरवून प्रत्येक बाजू तपासा. तळाशी एका रंगाचे तीन चौकोन आणि त्यांच्यावर त्याच रंगाचा मध्य, असा इंग्रजीतला टी उलटा उभा दिसायला हवा. चारही बाजूंना दिसला तर थर झाला. कुठे दोन कोपऱ्यांचे रंग अदलाबदल झालेले दिसले तर ते एकमेकांच्या घरात आहेत. एकाला काढा आणि नीट बसवा. आणि फुलीचेच दोन रंग चुकलेले दिसले तर कोपऱ्यांत वेळ घालवू नका, परत फुलापर्यंत मागे जा.

काही जणांना वाटतं, आपला क्यूब कुणीतरी उघडून चुकीचा जोडला असेल म्हणून जमत नाही. पहिल्या थरात ही शंका घेण्यात अर्थ नाही. एखादा कोपरा जबरदस्तीने पिळलेला असला किंवा तुकडे काढून कसेही लावलेले असले, तरी पहिला थर नेहमी पूर्ण होतो. दोष बाकीच्या बारा तुकड्यांत ढकलला जातो आणि अगदी शेवटी उघडा पडतो. चौकोनांचे कागद काढून दुसरीकडे चिकटवलेले असतील तरच थर अडेल, आणि ते लगेच दिसतं, कारण एकाच कोपऱ्यावर दोन पांढरे किंवा पांढऱ्याबरोबर पिवळा सापडतो.

एर्नो रुबिक बुडापेस्टमध्ये डिझाइन शिकवत असताना 1974 मध्ये त्यांनी पहिला क्यूब केला. फिरवून विस्कटल्यावर तो परत लावायला त्यांना सुमारे महिना लागला. त्यांच्याकडे पाठ करण्यासारखा एकही क्रम नव्हता. तो कुणी लिहिलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचीने तीन कोपरे बसवले आणि चौथा मुद्दाम रिकामा ठेवला. "मावशी, हे एक भोक राहू दे," ती म्हणाली, "मला यातून मधल्या थरातली कड घालता येईल का बघायचं आहे." येते. खालचा थर फिरवून ते रिकामं घर मधल्या थरातल्या हव्या त्या जागेखाली आणायचं, उजवी वर, वरच्या थराने कड आणून ठेवायची, उजवी खाली. तेच तीन फेरे, या वेळी कोपऱ्यासाठी नाही तर कडेसाठी. रिकाम्या घरात कुणीही येऊन बसलं तरी चालतं. मग खालचा थर परत सरळ करायचा. तिने रात्री जेवायच्या आधी अशा तीन कडा बसवल्या. चौथी आणि तो राहिलेला कोपरा यांच्यावर ती अजून विचार करते आहे.